स्थिरांकाचा हिशेब



१९६० साली मॉस्को विद्यापीठातल्या एका सेमिनारमध्ये आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी एक अंदाज मांडला. n अंकी दोन संख्यांच्या गुणाकाराला साधारण n² क्रिया लागणारच, असं त्यांचं म्हणणं होतं. शाळेतल्या रीतीत खालचा प्रत्येक अंक वरच्या प्रत्येक अंकाला भिडतो. इतक्या शतकांत कुणाला याहून बरं सुचलं नाही, तेव्हा ते नसावंच, असा तो तर्क. श्रोत्यांत तेवीस वर्षांचा अनातोली कारात्सुबा होता. आठवडाभरात त्याने हा अंदाज खोटा पाडला. १९६२ मध्ये त्यावरचा लेख कोल्मोगोरोव्ह यांनीच कारात्सुबा आणि ओफमन यांच्या नावाने छापायला पाठवला. लेखकाला तो छापून आल्यावर कळला, हेही त्या काळाला शोभेसंच.

युक्ती २३ × ४७ मध्ये पूर्ण दिसते. २×४ = ८ आणि ३×७ = २१. मग (२+३)×(४+७) = ५५; त्यातून ८ आणि २१ वजा केले की २६ उरतात. ८००, २६० आणि २१ मिळून १०८१. चारऐवजी तीनच गुणाकार झाले, बेरजा मात्र वाढल्या. अंकांच्या जागी अर्ध्या लांबीच्या संख्या ठेवल्या की खर्च असा मांडता येतो:

```
T(n) = 3·T(n/2) + c·n,   T(1) = 1
```

n हा २ चा घात आहे असं धरू, आणि बेरजेत वाढणाऱ्या एखाद्या अंकाकडे तूर्त दुर्लक्ष करू. 2^p = 3 होईल असा p घेतला, तर तो साधारण १.५८५ येतो. T(n) ची वाढ n^p च्या पटीत आहे, हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं. इंडक्शनने सिद्ध करायला बसलेला विद्यार्थी मात्र नेमका इथेच अडखळतो. तो T(n) ≤ A·n^p असं गृहीत धरतो, n/2 ला लावतो, आणि हाती येतं A·n^p + c·n. मागचं c·n किरकोळ म्हणून तो खोडतो. तिथेच सिद्धता मोडते, कारण A प्रत्येक पायरीला तोच राहायला हवा. किरकोळ म्हणून सोडलेलं पद पायरीगणिक त्याला फुगवत नेतं आणि खोडणाऱ्याला ते दिसत नाही. अशाच खोडाखोडीने 2·T(n/2) + n ची वाढ n च्या पटीत आहे, हे धादांत खोटं विधानही ‘सिद्ध’ करून दाखवता येतं.

उपाय उफराटा वाटतो: दावा आणखी कडक करायचा. T(n) ≤ A·n^p − 2c·n असं धरलं, तर

```
3·(A·(n/2)^p − c·n) + c·n = A·n^p − 2c·n
```

एक कणही उरत नाही. n = १ पाशी A = 2c + 1 पुरतो. बेरजा, वजाबाक्या आणि हातचे यांसाठी c = ८ मानला, तर T(n) = 17·n^p − 16·n. n हा २ चा घात नसेल, तर पुढच्या घातापर्यंत शून्यं भरायची. लांबी दुपटीच्या आत राहते, म्हणून १७ चे फार तर ५१ होतात.

आता शाळेच्या रीतीशी गाठ घालू. तिचा खर्च 2n² धरला, तर १२८ अंकांना तिला ३२,७६८ क्रिया लागतात आणि कारात्सुबाला ३५,१३१. नवी रीत हरली! २५६ अंकांना आकडे १,३१,०७२ आणि १,०७,४४१ असे येतात; तिथे ती जिंकते. म्हणजे २५६ च्या खाली ही रीत वापरूच नये, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो.

तो चुकीचा आहे. खरा प्रश्न असा विचारायचा: एकदाच तुकडे करून पुढचे तीन गुणाकार शाळेच्या रीतीने केले, तर फायदा कधी? 1.5n² + 8n < 2n², म्हणजे n > १६. मग १६ अंकांपाशी थांबून जुनी रीत लावायची. नवा A येतो ७६८/८१, साधारण साडेनऊ. २५६ अंकांचा खर्च १,०७,४४१ वरून ५८,११२ वर उतरतो. n^p तसाच राहिला, काम जवळजवळ निम्मं झालं. हा फरक ‘O’ च्या आत कुठेच दिसत नाही. पायथॉनच्या मूळ सी कोडमध्ये KARATSUBA_CUTOFF नावाचा असाच उंबरठा आहे, त्याची किंमत ७०. तिथला एकेक ‘अंक’ सहसा ३० बिटांचा, म्हणजे असे ७० ‘अंक’ सुमारे ६३० दशमान अंकांएवढे. आपला १६ हा c = ८ या मानीव आकड्यावर उभा आहे, आणि खऱ्या यंत्रावर c हा प्रोसेसर, कॅशे आणि मेमरी मागण्याचा खर्च ठरवतात. म्हणून असे उंबरठे शेवटी मोजूनच बसवावे लागतात.

या गोष्टीचं दुसरं टोक २०१९ मधलं. डेव्हिड हार्वे आणि योरिस व्हॅन डर हूव्हन यांनी n log n क्रियांत गुणाकार करून दाखवला. त्यांच्या सिद्धतेत एक मिती १७२९ निवडली आहे, हार्डी–रामानुजन यांच्या टॅक्सीचा तोच आकडा, आणि रीत सुरू व्हायला बिटांची संख्या किमान २ चा (१७२९ चा बारावा घात) इतका घात असावी लागते. एवढे बिट मावतील असा संगणक दृश्य विश्वातले सगळे अणू वापरूनही बांधता येणार नाही.  पण लेखकद्वयाला वाढीचा दर सिद्ध करायचा होता, आणि तो झाला.