मोबाईलवरची ताई की स्टुडिओतली जाहिरात?

समजा, तुम्ही गोडा मसाला ऑनलाइन विकता. एका चित्रफितीत ओट्यापाशी उभी एक ताई मोबाईलसमोर आमटीची चव सांगते. दुसरी स्टुडिओत, झगझगीत दिव्यांखाली केलेली. जास्त मसाला कोण विकेल?

अंदाज नको, मोजून बघू. भाव, सवलत आणि मजकूर दोन्हीकडे एकच ठेवा. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरात व्यवस्थेत ‘ए-बी टेस्ट’ निवडा. म्हणजे प्रेक्षकांचे दोन वेगळे गट पडतात, एकाच माणसाला दोन्ही जाहिराती दिसत नाहीत. दोन्हींना सारखे पैसे, मुदत चौदा दिवस, आणि ती आधीच ठरवायची.

समजा, पहिल्या आठवड्यात ताईला 40 ऑर्डर आल्या, स्टुडिओला 28. इथेच माणूस घाई करतो. एक घरगुती हिशेब सांगतो: एकूण ऑर्डरींचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा. 68 चं वर्गमूळ साधारण 8, दुप्पट 16. फरक फक्त 12, म्हणजे तो नशिबाचाही असू शकतो. चौदा दिवसांनी 84 आणि 54 झाल्या, तर वर्गमुळाची दुप्पट साधारण 23 आणि फरक 30. आता ताई जिंकली म्हणायला हरकत नाही.

लाइक मात्र मोजू नका, त्यांनी डबे रिकामे होत नाहीत. आणि परत आलेली पार्सलं ऑर्डरींतून आधी वजा करा. ताईला मानधन दिलं असेल, तर ही जाहिरात आहे असं चित्रफितीवर स्पष्ट लिहा.