द्रावकाविना इलेक्ट्रोडचा लेप

लिथियम-आयन सेलच्या धन इलेक्ट्रोडसाठी सक्रिय पदार्थाची भुकटी, वाहक कार्बन आणि कणांना धरून ठेवणारा बंधक हे सामान्यतः एनएमपी या द्रावकात कालवून ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर लेपले जातात. हे द्रावक सुमारे 202 अंश सेल्सिअसला उकळते आणि प्रजननक्षमतेस घातक असते, म्हणून लांबलचक भट्टीत ते उडवून त्याची वाफ पुन्हा गोळा करावी लागते. कोरड्या पद्धतीत हा सारा खटाटोप, त्यातील ऊर्जा आणि जागा वाचते.

या पद्धतीतील बंधक बहुधा पीटीएफई, म्हणजे न चिकटणाऱ्या तव्यांवरील लेपाचा पदार्थ, असतो. सुमारे 19 अंशांच्या वर त्याचे कण ताणले की त्यांतून सूक्ष्म तंतू निघतात, ते भुकटीला जाळ्यात पकडतात, आणि तापलेल्या रुळांखाली तिचा सलग पापुद्रा बनतो.

खरी कसोटी याच रुळांवर लागते, कारण दाब किंचित असमान झाला तरी पापुद्र्याची जाडी बदलते, कडा फाटतात आणि कठीण कण रुळांना झिजवतात. टेस्लाने 2019 मध्ये मॅक्सवेल ही कंपनी विकत घेऊन हे तंत्र मिळवले, तरी धन इलेक्ट्रोड मोठ्या प्रमाणावर कोरडा बनवण्यास तिला अनेक वर्षे झगडावे लागले. ऋण इलेक्ट्रोडची अडचण रासायनिक आहे: तेथील अल्प विभवावर पीटीएफईमधील फ्लोरीन लिथियमशी संयोग पावून त्याला कायमचे अडकवते, आणि पहिल्या प्रभारणात दिलेल्या विद्युत्प्रभाराच्या तुलनेत परत मिळणारा प्रभार घटल्यावरून ही हानी ओळखता येते.