पुसलेल्या अंकाचे पार्सल

इंदूरहून देवास ईशान्येस, उज्जैन उत्तरेस आणि धार पश्चिमेस. रात्रपाळीत पार्सलांची छाटणी करणाऱ्याच्या लेखी या दिशा म्हणजे ओळीने टांगलेल्या थैल्या होत. पार्सल उचलावे, पिनकोड पाहावा आणि ते त्या त्या थैलीत सोडावे. गावाचे नाव वाचत बसण्यास त्याला सवड नसते.

श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पिनकोडाची योजना 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली. तिचे पहिले तीन अंक छाटणीचा विभाग सांगतात, उरलेले तीन वाटपाचे टपालघर. म्हणूनच कोणता अंक पुसला, याला फार महत्त्व आहे. पावसात भिजलेल्या पार्सलावर 45200 एवढेच उरले आणि शेवटचा अंक गेला, तरी चिंता नाही. पार्सल इंदूर शहरातच राहते आणि मोहल्ल्याच्या नावावरून पुढचा शोध लागतो. पण तिसरा अंक गेला तर? मग 452001 हे इंदूर, 454001 धार, 455001 देवास, 456001 उज्जैन आणि 457001 रतलाम. एवढ्या एका अंकाने पाच शहरे समोर उभी राहतात! येथे अंदाजाने थैली निवडणे म्हणजे देवासचे पार्सल धारला धाडणे. असे पार्सल बाजूला ठेवावे, हेच शहाणपण.

पिनकोडात चुकीचा ताळा पाहण्याची सोय नाही. स्पीड पोस्टच्या बारकोडाखालील क्रमांकात मात्र ती आहे. त्यातील नववा अंक आधीच्या आठांवरून काढलेला असतो. त्या आठांना क्रमाने 8, 6, 4, 2, 3, 5, 9 आणि 7 यांनी गुणावे, बेरजेला 11 ने भागावे आणि बाकी 11 मधून वजा करावी. समजा, क्रमांक 206153141 असून त्यातला चौथा अंक घासून गेला आहे. उरलेल्यांची बेरीज 107 येते. नववा अंक 1 असल्याने बाकी 10 हवी. म्हणजे बेरीज 109 हवी. उणीव 2 ची आणि चौथ्याचा गुणक 2, तेव्हा हरवलेला अंक 1. क्रमांक पुरा झाला की नोंदणीच्या वेळचा पिनकोड संगणकावर सापडतो. दोन अंक गेले असतील तर मात्र ही युक्ती चालत नाही.

वेष्टन फाटले असेल तर प्रथम वजन करावयाचे. ते नोंदीपेक्षा कमी भरले, तर काहीतरी गळाले किंवा काढले गेले. म्हणून दुसऱ्या कर्मचाऱ्यासमक्ष शेरा लिहून, मगच पुन्हा बांधणी करावयाची. आधी बांधले तर तूट कोठे झाली, याचा पुरावाच झाकला जातो.

ज्याचा पत्ताही नाही आणि क्रमांकही नाही, ते परत-टपाल कार्यालयाकडे जाते. तेथे अधिकृतपणे ते उघडून आतील कागदांत पत्ता शोधतात. पाठवणाऱ्याने आत एक चिठ्ठी टाकली असेल, तर तेवढ्यावर पार्सल पुन्हा मार्गी लागते.