डब्यातील चपातीला डाळीची जोड

(बारामती-इंदापूर पट्ट्यातील एका शाळेच्या पालकसभेत प्राथमिक विभागाच्या शिक्षिकेने केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मधल्या सुट्टीत वर्गात डबे उघडतात, तेव्हा दहापैकी सहा-सात डब्यांत चपाती आणि बटाट्याची सुकी भाजी असते. त्यात मातेचा आळस नाही. आमटी दप्तरात सांडते, वह्या पिवळ्या होतात. म्हणून सांडणारी डाळ डब्यातून गेली आणि न सांडणारा बटाटा आला.

या डब्याचा हिशेब मांडून पाहू. आठ वर्षांच्या मुलाच्या दोन चपात्यांना साधारण 60 ग्रॅम कणीक लागते. तिच्यातून सहा-साडेसहा ग्रॅम प्रथिने मिळतात. वाटीभर बटाट्यातून दीड ग्रॅम. एकूण झाली आठ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली सात ते नऊ वर्षांच्या मुलासाठी दिवसाला 23 ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. डबा हा दिवसाच्या आहाराचा तिसरा हिस्सा धरला, तर आकडा जुळला, मग चिंता कसली, असे कोणीही म्हणेल.

आकडा जुळतो, पण जोडणी जुळत नाही. प्रथिन हे अनेक घटकांचे मिळून बनते आणि त्यांतील काही घटक शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. ते अन्नातूनच यावे लागतात. गहू, ज्वारी, बाजरी, तांदूळ या सर्व धान्यांत लायसिन नावाचा असा एक घटक कमी असतो. तो कमी पडला की बाकीचे घटक भरपूर असूनही स्नायू-रक्ताच्या बांधणीस पूर्ण उपयोगी पडत नाहीत. उरलेले जळणासारखे खर्च होतात. डाळी-कडधान्यांत हाच घटक मुबलक असतो, आणि कडधान्यांत जे उणे असते ते धान्य पुरवते. भाकरीबरोबर पिठले किंवा हुलग्याचे माडगे खाणाऱ्या आपल्या आजीला लायसिन हा शब्द ठाऊक नव्हता. जोडी मात्र ठाऊक होती. नीरा डाव्या कालव्याचे पाणी जिथे पोहोचले तिथे ऊस आणि गहू आला, तर हुलगा-मटकी जिराईत तुकड्यांवर राहिली. शेतातून ती मागे सरली, तशी ती ताटातूनही मागे सरली.

प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे. कच्च्या वजनाने तीन भाग धान्याला एक भाग डाळ. म्हणजे 60 ग्रॅम कणकेला 20 ग्रॅम मटकी. मुलाच्या स्वतःच्या मुठीत साधारण एवढीच मावते. भिजवून मोड आणल्यावर तिची लहान वाटीभर कोरडी उसळ होते. बटाट्याच्या जागी ती गेली की प्रथिने दहा-अकरा ग्रॅमपर्यंत जातात, आणि चपातीतील प्रथिनेही कारणी लागतात. उसळ न खाणाऱ्या मुलासाठी तीन वाट्या ज्वारीच्या पिठात एक वाटी बेसन मिसळून धपाटे करावे. डाळ पिठातच गेल्यामुळे ती बाजूला काढता येत नाही! घरात चालत असेल तर एका उकडलेल्या अंड्यातून सहा ग्रॅम उत्तम प्रथिने मिळतात.

दुसरी बाजूही सांगणे आवश्यक आहे. प्रथिनांविषयी ऐकून काही घरांत चपाती कमी करून नुसते फुटाणे किंवा पनीर देण्याची हौस सुरू झाली आहे. पिष्टमय अन्न हे मुलाचे इंधन आहे. ते अपुरे पडले तर शरीर प्रथिनेच जाळून ऊर्जा मिळवते. महागाचे लाकूड चुलीत घालावे तसे. म्हणून चपाती दोनच्या दोन राहू द्याव्यात. बदलायची आहे ती सोबतची भाजी.

उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी येते. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. त्या डब्यातील सारे प्रथिन दाण्याच्या कुटाचे. 20 ग्रॅम कूट घातले तर पाच ग्रॅम मिळतात, शोभेपुरते घातले तर काहीच नाही.

अडचण उन्हाळ्यात येते. मार्च-एप्रिलमध्ये सकाळी सातला गरम उसळ झाकण लावून बंद केली की वाफेचे पाणी आत जिरते आणि सुट्टीपर्यंत ती आंबते. मोड आलेले कडधान्य पूर्ण शिजवावे, पाणी आटवावे, ओले खोबरे घालू नये आणि ताटात पसरून निववल्यावरच डबा भरावा. उघडताच आंबूस वास आला, चमचा उचलताना तार सुटली किंवा फेस दिसला, तर ती उसळ खायची नाही, हे मुलालाही सांगून ठेवावे. आणि ती घरी तशीच परत आली, तर मुलाला रागे भरण्यापूर्वी आधी तिचा वास घेऊन पाहावा.