खांदा आणि डबा

झरी जामणीतल्या कचेरीत मुस्लीम सहकाऱ्याचे वडील गेल्याचा निरोप आला, तर भेट उद्यावर ठेवू नका. दफन शक्यतो त्याच दिवशी होतं. आधी गुसल, म्हणजे मय्यतीला अंघोळ. मग पुरुषाला तीन पांढऱ्या कापडांचं कफन. जनाज्याची नमाज उभ्यानेच होते, सजदा नसतो. तेवढा वेळ मागे शांत उभं राहावं. वाटेत घरच्यांना विचारून खांदा जरूर द्यावा. कबरीवर सगळे तीन-तीन ओंजळी माती टाकतात.

सहकाऱ्याचा हात हाती घ्या, “अल्लाह सब्र देवो” एवढंच म्हणा. दुसऱ्या दिवशी भाजी-पोळीचा डबा न्या. आई इद्दतीत, चार महिने दहा दिवस. तिला भेटायला बायकांनीच जावं.