पंधरापैकी चार: माझ्या टॉर्टच्या उत्तरात काय राहून गेलं

स्टेशनवर उभं राहून ऐकत असाल तर बरंच झालं, आजची गोष्ट प्लॅटफॉर्मवरचीच आहे.

एलएलबीच्या पहिल्या वर्षी टॉर्टच्या सराव परीक्षेत एक प्रश्न आला होता. गाडी सुटली आहे. एक माणूस काखेत पुडकं घेऊन धावत येतो आणि चालत्या गाडीत उडी मारतो. तो पडेल असं वाटून आतला गार्ड त्याला ओढतो, प्लॅटफॉर्मवरचा गार्ड मागून ढकलतो. या गडबडीत पुडकं रुळांवर पडतं. आत फटाके असतात, पण वर नुसता वर्तमानपत्राचा कागद, त्यामुळे बघून काहीच कळत नाही. स्फोट होतो. प्लॅटफॉर्मच्या पार दुसऱ्या टोकाला असलेला वजनकाटा हादऱ्याने कोसळतो आणि तिथे उभ्या असलेल्या बाईंना लागतो. तर रेल्वे जबाबदार आहे का?

मी अडीच पानं लिहिली. गार्डनी निष्काळजीपणा कसा केला यावर दीड पान. ढकललं नसतं तर पुडकं पडलं नसतं, पुडकं पडलं नसतं तर स्फोट झाला नसता, आणि स्फोट नसता तर काटा पडला नसता. म्हणून रेल्वे जबाबदार. मिळाले पंधरापैकी चार! समासात सरांनी लाल पेनाने दोनच शब्द लिहिले होते. वर ‘कोणाप्रती?’ आणि खाली ‘कुठपर्यंत?’

मला वाटलं, माझा निष्कर्ष चुकला. तसं नव्हतं. ही खरी केस आहे, पाल्सग्राफ विरुद्ध लाँग आयलंड रेलरोड. घटना न्यूयॉर्कची, ऑगस्ट 1924 मधली. हेलन पाल्सग्राफ मुलींना घेऊन समुद्रकिनाऱ्यावर निघाल्या होत्या. ज्युरीने त्यांना 6000 डॉलर दिले, पण 1928 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 4 विरुद्ध 3 मतांनी तो निकाल फिरवला. म्हणजे माझ्यासारखंच ‘रेल्वे जबाबदार’ म्हणणारे तीन न्यायाधीश होतेच की. फरक इतकाच, की त्यांनी मधल्या पायऱ्या गाळल्या नव्हत्या.

पहिली पायरी ‘कोणाप्रती?’ याला ड्यूटी ऑफ केअर म्हणतात. बहुमताचा निकाल लिहिणारे कार्डोझो विचारतात की गार्डनी ढकललं तेव्हा कुणाला धोका आहे असं शहाण्या माणसाला दिसलं असतं? फार तर त्या प्रवाशाला किंवा त्याच्या पुडक्याला. लांब उभ्या असलेल्या बाईंना धोका दिसण्यासारखं काहीच नव्हतं. म्हणून निष्काळजीपणा झाला असं मानलं, तरी तो त्या बाईंप्रती नव्हता. दुसऱ्या कुणाशी झालेली चूक उसनी घेऊन आपला दावा उभा करता येत नाही. आणि कर्तव्यच नसेल तर विषय तिथेच संपतो. कारणांची साखळी मोजायची वेळच येत नाही, असं कार्डोझोंनी स्पष्ट लिहिलंय. मी नेमकी तीच साखळी दीड पान मोजत बसलो होतो.

दुसरी पायरी ‘कुठपर्यंत?’ म्हणजे प्रॉक्सिमेट कॉज. (आपल्या अभ्यासक्रमात हाच मुद्दा बहुतेक वेळा रिमोटनेस ऑफ डॅमेज या नावाने येतो.) इथे मतभेद नोंदवणाऱ्या अँड्र्यूज यांचं म्हणणं वाचा. ते म्हणतात, काळजी घेण्याचं कर्तव्य सगळ्या जगाप्रती असतं. पण मग प्रत्येक घटनेचं शेपूट अनंतापर्यंत जाईल, म्हणून कायदा कुठेतरी रेघ मारतो. ती मारताना ते बघतात की मध्ये किती वेळ गेला, अंतर किती होतं, वाटेत दुसरी कारणं घुसली का. या केसमध्ये स्फोट लगेच झाला आणि बाईही फार लांब नव्हत्या, म्हणून त्यांच्या मते रेल्वे जबाबदार.

माझं ‘नसतं तर’ हे फक्त प्रत्यक्ष कारण दाखवत होतं. त्या हिशेबाने फटाके बनवणारा आणि वजनकाटा तिथे ठेवणारा, दोघंही साखळीत येतात. त्यांना सोडून रेल्वेलाच का धरायचं, याचं उत्तर माझ्या अडीच पानांत कुठेच नव्हतं.

नंतर मी ते उत्तर पुन्हा लिहिलं, सव्वा पानात. सुरुवात अशी: ‘बाईंना होणारा धोका गार्डना वाजवीपणे दिसू शकत नव्हता, म्हणून त्यांच्याप्रती कर्तव्य सिद्ध होत नाही.’ मग पुढचं वाक्य: ‘कर्तव्य होतं असं धरून चाललो, तरी इजा पुरेशी जवळची होती का हे पाहावं लागेल.’ हे ‘धरून चाललो तरी’ फार कामाचं. परीक्षक पहिल्या पायरीवर तुमच्याशी असहमत असले, तरी दुसऱ्या पायरीचे गुण हातचे जात नाहीत. निष्काळजीपणाला या वेळी चार ओळी पुरल्या.

सरांनी ते वाचलं आणि विचारलं, “पुडक्यावर ‘फटाके’ असं छापलेलं असतं तर?”

त्याचं उत्तर मी त्यांना दिलं. तुम्ही तुमचं मेसेज करून पाठवा, पुढच्या भागात तिथूनच सुरू करू.