कार्य कोणी केले?

सातारा-सांगलीकडील बारावीच्या विद्यार्थ्यास पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात ΔU = Q − W हे सूत्र आढळते, तर रसायनशास्त्राच्या पुस्तकात ΔU = Q + W. निसर्गनियम एकच, भेद केवळ W च्या अर्थाचा आहे. पहिल्यात वायूने केलेले कार्य धन मानले आहे, दुसऱ्यात वायूवर झालेले.

समजा, सिलिंडरातील वायूने ५०० जूल उष्णता घेतली व दट्ट्या ढकलण्यात २०० जूल कार्य केले. पहिल्या रीतीने ५०० − २००, दुसरीने ५०० + (−२००). अंतर्गत ऊर्जेची वाढ ३०० जूलच. एकीचे सूत्र व दुसरीचे चिन्ह घेतल्यास मात्र ७०० येतात. म्हणजे खर्च करूनही वायूची शिल्लक मिळकतीहून अधिक! अशी विसंगती दिसताच चूक ओळखावी, आणि सूत्रापूर्वीच कार्य कोणी केले ते लिहावे.